परकराचा लाल: एका लघु-ॲनिमेशनपटाच्या रंगजुळणीचे प्रकरण

हा अभ्यास चार मिनिटांच्या एका मराठी ॲनिमेशनपटाचा आहे. ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या साधनात केलेली पात्रे आणि हाताने रंगवलेली पार्श्वभूमी अशी त्याची रचना होती. काम तिघा कलाकारांनी आपापल्या घरून केले होते. गोष्ट एका सात-आठ वर्षांच्या मुलीची, आणि ती तीन ठिकाणी घडते: दुपारचे सारवलेले अंगण, शाळेचा व्हरांडा आणि कंदिलाच्या उजेडातली रात्रीची ओसरी. मुलीच्या अंगावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच लाल परकर असतो. चित्रपट पूर्ण जोडून झाल्यावर तो दिग्दर्शिकेच्या ओळखीच्या एका शिक्षिकेला दाखवण्यात आला, तेव्हा तिचा पहिलाच प्रश्न होता, “शाळेत जाताना हिने परकर बदलला का?” त्यानंतर शॉट रंगजुळणीसाठी माझ्याकडे आले. सोबत दिग्दर्शिकेची दुसरी तक्रारही होती. तिच्या लॅपटॉपवर चित्र मळकट दिसत होते, भावाच्या फोनवर डोळ्यांत खुपेल इतके भडक दिसत होते, आणि रात्रीच्या प्रसंगात एका फोनवर मुलगी जवळजवळ दिसतच नव्हती.

या दोन तक्रारी वरवर एकच वाटतात, पण त्यांची मुळे वेगळी आहेत आणि उपायांच्या जागाही वेगळ्या आहेत. रंगातला फरक तीन ठिकाणी जन्म घेऊ शकतो: चित्र रेंडर होताना, चित्राची व्हिडिओ फाइल बनताना किंवा ती फाइल पडद्यावर दिसताना. फाइलमधला दोष ग्रेडिंगच्या, म्हणजे रंग सुधारण्याच्या साधनातल्या, चाकांनी सुधारू गेले किंवा पडद्याचा दोष चित्रात भरून काढू गेले, तर एक शॉट सुधारतो आणि त्याच्या शेजारचे चार बिघडतात. त्यामुळे या प्रकरणात रंगाला हात लावण्याआधी बराच वेळ फरक कुठून आला हे शोधण्यात गेला, आणि तो वेळ वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही.

शाळेच्या व्हरांड्यातला लाल

दिग्दर्शिकेकडे पात्राचा रंगतक्ता होता. त्यात परकराच्या उजळ बाजूचा रंग आठ-बिट मोजणीत लाल 200, हिरवा 60, निळा 40 असा ठरलेला होता. अंगणातल्या शॉटमध्ये आयड्रॉपरने मोजल्यावर हेच आकडे, एखाद-दुसऱ्या अंकाच्या फरकाने, मिळाले. व्हरांड्यातल्या शॉटमध्ये मात्र त्याच जागी 212, 72, 37 आले. म्हणजे परकर अधिक उजळ झाला होता आणि नारिंगीकडे झुकला होता. प्रकाशाच्या फरकाने असे झाले असेल ही पहिली शंका रास्त होती. पण व्हरांड्यातला सिमेंटचा कट्टा आणि मुलांचे पांढरे सदरे मोजले, तर ते मूळ चित्रात ठरवल्याप्रमाणेच होते, तसूभरही हललेले नव्हते. प्रकाश बदलला असता तर करडा आणि पांढरा हे रंगही त्यासोबत बदलले असते.

करडा जागच्या जागी आणि रंगीत भाग मात्र सरकलेला, ही खूण फार नेमकी आहे. व्हिडिओ फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे थेट साठवले जात नाहीत. एक आकडा उजळपणाचा आणि दोन आकडे रंगफरकाचे अशी त्यांची पुनर्मांडणी होते. या पुनर्मांडणीची दोन सूत्रे प्रचलित आहेत, जुन्या लहान चित्रासाठी बीटी.601 आणि एचडीसाठी बीटी.709. दोन्हींत लाल, हिरवा, निळा यांचा उजळपणातला वाटा वेगळा धरला जातो, पण तिन्ही आकडे समान असतील, म्हणजे रंग करडा असेल, तर दोन्ही सूत्रे एकच उत्तर देतात. त्यामुळे बीटी.601 ने बांधलेली फाइल बीटी.709 ने उलगडली तर करडा शाबूत राहतो, लाल उजळून नारिंगीकडे जातो आणि हिरवा काळवंडतो. व्हरांड्यामागच्या पेरूच्या झाडाची पाने मोजली तेव्हा हा अंदाज पक्का झाला: मूळ 60, 140, 70 असलेली पाने 54, 128, 68 झाली होती.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. बाकी दोघांनी पीएनजी फ्रेमच्या मालिका पाठवल्या होत्या, तर व्हरांड्याचे शॉट करणाऱ्या कलाकाराने जागा वाचवण्यासाठी आपल्या पीएनजी मालिका ‘एफएफएमपेग’ने एमपी-फोर करून पाठवल्या होत्या. या साधनाला काही सांगितले नाही तर ते आरजीबी चित्राचे रूपांतर बीटी.601 सूत्राने करते आणि फाइलवर कोणते सूत्र वापरले याची नोंदही करत नाही. बहुतेक प्लेयर आणि संपादनाची साधने नोंद नसलेली 1920 बाय 1080 ची फाइल पाहून ती बीटी.709 असणार असे गृहीत धरतात. नोंद आहे की नाही हे पुढील आज्ञेने कळते, आणि या प्रकरणात रंगाच्या नोंदींपुढे `unknown` असे उत्तर आले.

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=pix_fmt,color_range,color_space,color_transfer,color_primaries shot14.mp4
```

माझ्याकडे येण्यापूर्वी संपादकाने हा फरक ग्रेडिंगमध्ये मिटवण्याचा प्रयत्न केला होता. परकर उजळ दिसतो म्हणून त्याने संपूर्ण चित्राची रंगतीव्रता आणि लाल वाहिनीचा उजळपणा थोडा खाली आणला होता. परकर अंगणातल्या परकराच्या जवळ आला, पण आधीच काळवंडलेली पाने आणखी मेली आणि चेहऱ्यावरची ऊब गेली. मुलीच्या सावळ्या त्वचेचा रंग, तक्त्यात 150, 100, 75, या दोषाने जेमतेम 155, 103, 73 इतकाच सरकला होता. एकाच चुकीने लाल खूप हलला, त्वचा थोडी हलली, हिरवा उलट दिशेला गेला आणि करडा हललाच नाही, तर संपूर्ण चित्रावर फिरवलेले कोणतेही एक चाक या चौघांना एकाच वेळी जागेवर आणू शकत नाही. उपाय सूत्राच्याच पातळीवर करायला हवा. मूळ पीएनजी मालिका मागवणे हा सर्वांत चांगला मार्ग होता आणि बहुतेक शॉटसाठी तो अवलंबला. ज्या काही शॉटच्या पीएनजी पुसल्या गेल्या होत्या, त्यांच्या फाइली ‘ही 601 आहे’ असे स्पष्ट सांगून उलगडल्या आणि 709 मध्ये नव्याने बांधल्या:

```
ffmpeg -i shot14.mp4 -vf "scale=in_color_matrix=bt601:out_color_matrix=bt709" -c:v prores_ks -profile:v 3 -color_primaries bt709 -color_trc bt709 -colorspace bt709 shot14_fix.mov
```

यानंतर परकर 200, 60, 40 च्या आसपास परतला. मात्र एमपी-फोर फाइलीत एक नुकसान आधीच झालेले होते, आणि ते सूत्र बदलून भरून येत नाही. त्या फाइली 4:2:0 पद्धतीच्या होत्या, म्हणजे चार पिक्सेलच्या चौकोनाला मिळून रंगाची एकच नोंद. परकराचा अरुंद लाल काठ हिरव्या पानांवर येत असे तिथे कडा किंचित मळलेली राहिली. लांबच्या शॉटमधले मुलीच्या कपाळावरचे कुंकू, जे तीन-चार पिक्सेलचेच होते, तेही फिके झाले. मोठ्या पडद्यावर जवळून पाहिल्यास ते दिसते. आम्ही ते तसेच स्वीकारले.

रात्रीच्या ओसरीतले फिके शॉट

रात्रीच्या प्रसंगातली अडचण दिसायला सौम्य पण सुटायला अधिक कठीण होती. ओसरीवर आजी आणि नात बसल्या आहेत, मध्ये कंदील आहे आणि मागे उघड्या दाराचा अंधार आहे. या प्रसंगातल्या काही शॉटमध्ये चित्रावर राखेचा पातळ थर बसल्यासारखे वाटत होते. आजीचे पांढरे लुगडे राखी दिसत होते आणि परकर विटलेला दिसत होता. कंदिलाची ज्योत मात्र आजूबाजूच्या शॉटमधल्या ज्योतीपेक्षा मऊ आणि देखणी होती. इथे करडा आणि पांढरा दोन्ही हललेले होते, त्यामुळे फाइलच्या सूत्राचा प्रश्न नव्हता. चित्राचा उजळपणा आलेखात दाखवणाऱ्या वेव्हफॉर्मवर पाहिले तर उजळ भागांचा माथा दाबलेला आणि मधला भाग पसरलेला दिसत होता.

ब्लेंडर आतल्या आत प्रकाशाची जी मोजणी करते ती पडद्यावर दाखवण्यासाठी एका रूपांतरातून जाते. या चित्रपटाच्या साचा-फाइलमध्ये ते रूपांतर ‘स्टँडर्ड’ ठेवलेले होते, कारण रंगतक्त्यातला सपाट रंग पडद्यावर जसाच्या तसा यावा अशी दिग्दर्शिकेची इच्छा होती. रात्रीच्या काही शॉटची सुरुवात मात्र कलाकाराने साचा-फाइलऐवजी कोऱ्या फाइलमधून केली होती. ती 3.6 आवृत्ती वापरत होती, आणि ब्लेंडरच्या 2.80 पासून 3.6 पर्यंतच्या आवृत्त्यांत कोऱ्या फाइलचे रूपांतर ‘फिल्मिक’ असते. 4.0 पासून तिथे ‘एजीएक्स’ आले आहे. खऱ्याखुऱ्या प्रकाशाचे दृश्य करताना फिल्मिक फार उपयोगी आहे, कारण ते प्रखर उजेड फाटू देत नाही. सपाट रंगांच्या पात्रांना मात्र ते मानवत नाही. पांढऱ्याला ते राखी करते आणि गडद रंगाची तीव्रता उतरवते.

यात महत्त्वाची गोष्ट अशी, की पीएनजी जतन करताना हे रूपांतर चित्रात कायमचे मुरते, तर ओपनईएक्सआर जतन करताना मुरत नाही. ईएक्सआरमध्ये प्रकाशाची मूळ मोजणी राहते आणि तिच्यावर नंतर कोणतेही रूपांतर चढवता येते. कलाकाराकडे फिल्मिकमधल्या बहुतेक शॉटच्या ईएक्सआर होत्या. त्या मागवून, त्यांच्यावर स्टँडर्ड रूपांतर चढवून नव्या मालिका काढल्या आणि तिथला प्रश्न मिटला. दोन शॉटच्या मात्र फक्त पीएनजी होत्या आणि त्यांची दृश्य-फाइल पुढे बदलत गेल्यामुळे तेच चित्र पुन्हा रेंडर होणार नव्हते. हे दोन शॉट हाताने जुळवावे लागले.

हाताने जुळवताना क्रमाला फार किंमत असते. सगळ्यात आधी उजळपणाचा पल्ला जुळवला. शेजारच्या चांगल्या शॉटची एक फ्रेम आणि हा शॉट वेव्हफॉर्मवर आलटून-पालटून पाहत, आजीच्या लुगड्याचा उजळ भाग, चेहरा आणि दाराचा अंधार या तीनच ठिकाणी वक्रावर बिंदू देऊन लुगडे वर उचलले आणि मधला भाग खाली बसवला. त्यानंतर लुगड्याच्या सावलीतला करडा पाहून रंगाचा झुकाव तपासला. तो कंदिलाच्या पिवळ्याकडे किंचित झुकलेलाच असायला हवा होता, म्हणून त्याला शुद्ध करडा केले नाही. तीव्रतेला हात तिसऱ्या टप्प्यात लावला. पल्ला जुळण्याआधी तीव्रता वाढवली, तर वक्र बसवताना ती पुन्हा वाढते आणि सगळे परत करावे लागते.

एवढे झाल्यावरही परकर थोडा मागे राहिला होता, तेव्हा तो एकटाच निवडून सुधारणे भाग होते. ग्रेडिंगच्या साधनात रंगछटेवरून भाग निवडता येतो, पण या प्रसंगात कौले, आजीचे कुंकू आणि ज्योतीची कडा हे सगळे त्याच छटेच्या आसपास होते. ॲनिमेशनमध्ये आणखी एक अडचण येते. सपाट रंग फार स्वच्छ निवडला जातो, पण त्याच्या कडेचे मिश्र पिक्सेल निवडीबाहेर राहतात, आणि सुधारणेनंतर पात्राभोवती जुन्या रंगाची बारीक किनार दिसू लागते. स्थिर फ्रेममध्ये ती नजरेआड होते आणि पात्र हलले की कडा चमकत राहते. रेंडरच्या वेळी क्रिप्टोमॅट, म्हणजे प्रत्येक वस्तूचा वेगळा निवड-मुखवटा, काढलेला असता तर कडेच्या पिक्सेलमध्ये परकराचा वाटा किती हे अचूक कळले असते. या दोन शॉटसाठी तो नव्हता. म्हणून परकराभोवती हाताने आकार काढून तो फ्रेमगणिक हलवला, त्या आकाराच्या आतच छटेची निवड केली आणि निवडीची कडा साधारण एक पिक्सेल बाहेर ढकलून मऊ केली. शॉट लहान होते म्हणून हे जमले.

इथे जुळवायचे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उभा राहिला. रात्रीचा परकर 200, 60, 40 वर आणला असता, तर तो कंदिलासमोर स्वतःच दिव्यासारखा पेटलेला दिसला असता. दोन प्रसंगांत कायम ठेवायचे असतात ते पात्राच्या रंगांमधले परस्परसंबंध. बीटी.709 च्या वाट्याने काढलेला उजळपणा दुपारच्या अंगणात परकराचा सुमारे 88 आणि चेहऱ्याचा सुमारे 109 होता, म्हणजे परकर चेहऱ्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने गडद. रात्रीच्या चांगल्या शॉटमध्ये चेहरा 75 च्या आसपास आणि परकर 60 च्या आसपास होता, म्हणजे तेच नाते टिकले होते. फिल्मिक मुरलेल्या दोन शॉटमध्ये मात्र दोघांचा उजळपणा जवळजवळ एक झाला होता, आणि ‘विटलेला परकर’ ही भावना तिथूनच येत होती. या प्रमाणाला मी शास्त्रीय नियम मानत नाही, पण एका पात्राचा एकच पोशाख वेगवेगळ्या उजेडात ओळखू येतो की नाही हे तपासायला ते चांगले उपयोगी पडते. डोळ्यांनी तपासण्यासाठी प्रत्येक शॉटची एक फ्रेम अंगठ्याच्या नखाएवढी करून सगळ्या एका पानावर लावल्या. त्या आकारात तपशील नाहीसे होतात आणि रंगाचे ओघ तेवढे उरतात. कुठला शॉट रांगेतून बाहेर पडतो आहे हे मोठ्या चित्रापेक्षा अशा पानावर लवकर कळते.

पडद्यांची तक्रार

शॉट आपापसांत जुळल्यावर दिग्दर्शिकेची दुसरी तक्रार हाती घेतली. ती दर वेळी तिच्या फोनने दुसऱ्या पडद्याचा फोटो काढून पाठवत असे. त्या फोटोंवरून काहीही ठरवता येत नव्हते, कारण कॅमेरा दर फोटोला पांढऱ्याचा समतोल आणि उजळपणा स्वतः बदलतो. म्हणून तिला दोन वेगळ्या गोष्टी करायला सांगितल्या. पहिली म्हणजे त्या फोनवर व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घेणे आणि तो फाइल म्हणून पाठवणे. स्क्रीनशॉटमध्ये फाइल उलगडून तयार झालेले आकडे येतात, पडद्याचा काचेवरचा रंग येत नाही. त्यामुळे स्क्रीनशॉटमध्ये परकर बरोबर असेल आणि डोळ्यांना चुकीचा दिसत असेल तर दोष पडद्याचा किंवा त्याच्या सेटिंगचा मानता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे मी करून दिलेली एक छोटी चाचणी-फीत पाहणे. तिच्यात आधी काळ्यावर 4, 8, 12, 16, 20 आणि 30 अशा करड्या चौकटी होत्या, मग पात्राच्या रंगतक्त्यातले सपाट रंग आणि शेवटी तिन्ही प्रसंगांची एकेक फ्रेम. फीत पाहताना आपोआप उजळपणा बदलण्याची सोय, डोळ्यांच्या आरामासाठी असलेली पिवळी छटा आणि आयफोनवरचा ट्रू टोन बंद ठेवायचा, उजळपणा निम्म्यावर ठेवायचा, एवढी अट होती.

भावाच्या फोनचा उलगडा लगेच झाला. तो ॲमोलेड पडद्याचा अँड्रॉइड फोन होता आणि पडद्याची पद्धत ‘व्हिव्हिड’वर होती. एसआरजीबीच्या मर्यादेतले रंग या पद्धतीत पडद्याच्या अधिक विस्तृत मर्यादेपर्यंत ताणले जातात. ‘नॅचरल’ निवडताच परकर तक्त्याजवळ आला. दिग्दर्शिकेचा लॅपटॉप उलट टोकाचा होता. स्वस्त लॅपटॉपमध्ये बरेचदा आढळणाऱ्या 45 टक्के एनटीएससी प्रकारच्या पडद्याचा लालच मुळात तोकडा असतो, त्यामुळे परकर विटकरीकडे जात होता. लॅपटॉपचे झाकण थोडे मागेपुढे केले की रात्रीच्या प्रसंगातला अंधार राखी होत होता किंवा सगळे गिळून टाकत होता. एका मॅकवर चित्र किंचित उजळ आणि फिके दिसले. 709 अशी नोंद असलेला व्हिडिओ ॲपलच्या रंगव्यवस्थेत सुमारे 1.96 गॅमाचा समजून दाखवला जातो, तर माझा संदर्भ मॉनिटर 2.2 वर होता; हा आकडा जितका लहान तितक्या मधल्या छटा उजळ दिसतात. त्याच मॅकवर तीच फाइल व्हीएलसीमध्ये अधिक गडद दिसली, तेव्हा या निदानाची खात्री झाली.

दिग्दर्शिकेची सूचना होती की चित्र मध्यम प्रमाणात भडक करावे, म्हणजे तिच्या लॅपटॉपवर नीट दिसेल. ती सूचना मी मान्य केली नाही. तिच्या लॅपटॉपसाठी वाढवलेली तीव्रता भावाच्या फोनवर दुपटीने चुकीची दिसली असती, आणि मॅकसाठी गडद केलेले चित्र इतर सगळीकडे काळवंडले असते. पडदा अज्ञात असतो तेव्हा मूळ प्रत एका निश्चित मानकावर ठेवणे आणि ते मानक फाइलवर नीट नोंदवणे हेच सर्वांत कमी नुकसानीचे असते. इथे मानक एसआरजीबी आणि बीटी.709 चे सामाईक प्राथमिक रंग, डी65 पांढरा आणि 2.2 गॅमा असे ठरवले. टीव्हीसाठी अंधाऱ्या खोलीत 2.4 वापरला जातो, पण ही फिल्म उजेडात बसून फोनवर पाहिली जाणार होती.

तरीही पडद्यांच्या तपासणीचा मोठा उपयोग झाला, कारण चित्र कुठे नाजूक आहे हे तिने दाखवले. रात्रीच्या प्रसंगात मुलीचे केस 10 च्या आसपास आणि मागचा दाराचा अंधार 16 च्या आसपास होता. संदर्भ मॉनिटरवर हा फरक सुंदर दिसत होता. चाचणी-फितीत मात्र दिग्दर्शिकेच्या लॅपटॉपवर आणि एका जुन्या फोनवर 8, 12 आणि 16 या चौकटी एकच दिसल्या, म्हणजे तिथे केस आणि दार वेगळे होण्याची शक्यताच नव्हती. उपाय म्हणून सगळे चित्र उजळले नाही. दारामागच्या खोलीत कुठून तरी थोडा निळसर उजेड येत असावा असे मानून फक्त दाराचा भाग 34 पर्यंत वर घेतला, केस 14 वर ठेवले आणि आजीच्या खांद्याच्या कडेला कंदिलाची बारीक रेघ अधिक स्पष्ट केली. रात्र रात्रच राहिली आणि मुलीची आकृती सर्व पडद्यांवर सुटी दिसू लागली. हा निर्णय दिग्दर्शिकेसोबत बसून घेतला, कारण अंधार किती असावा हा प्रश्न गोष्टीचाही आहे.

अंगणातल्या परकराच्या बाबतीतही असाच दुबळेपणा सापडला. परकर आणि मागची कौले रंगछटेने वेगळी होती, पण चित्र कृष्णधवल करून पाहिले तर दोन्ही एकच करडी दिसत. चांगल्या पडद्यावर छटेचा फरक पुरेसा होता, तोकड्या लालाच्या लॅपटॉपवर तो विरून जात होता. कौलांचा उजळपणा थोडा खाली आणल्यावर परकर छटेवर अवलंबून न राहता उठून दिसू लागला. परकराच्या चुण्यांच्या सर्वांत उजळ जागी लाल वाहिनी 245 पर्यंत जात होती. ती 225 च्या आत आणली, म्हणजे व्हिव्हिड पद्धतीतही चुण्या सपाट न होता दिसतील.

शेवटची दुरुस्ती रात्रीच्या आकाशाची होती. वरून खाली 20 पासून 34 पर्यंत हळूहळू उजळणारे आकाश 1080 पिक्सेल उंचीत पसरले होते. आठ-बिट व्हिडिओत एवढ्या पल्ल्यासाठी फार तर पंधरा पायऱ्या मिळतात, म्हणजे प्रत्येक पट्टा किमान 70 पिक्सेल रुंद होतो आणि फोनवर तो सहज दिसतो. दहा-बिटवर काम करत असताना बारीक कण मिसळले की पट्टे विरतात, पण ऑनलाइन चढवताना होणारे पुनर्संकोचन अतिबारीक कण पुसून टाकते आणि पट्टे परत येतात. म्हणून कण थोडे जाड ठेवले आणि पार्श्वभूमी रंगवणाऱ्या कलाकाराकडून आकाशात ब्रशच्या फटकाऱ्यांचा हलका पोत मागवला. पोत संकोचनात कणांपेक्षा जास्त टिकला आणि आकाशाला त्याने रंगवलेपणही दिले. खासगी लिंकवर चढवून, पुन्हा उतरवून घेतलेल्या फाइलवरच ही तपासणी केली, कारण प्रेक्षक पाहतो ती फाइल तीच असते.

सुपूर्द करताना दोन फाइली दिल्या: दहा-बिट प्रोरेसची मूळ प्रत आणि 709 च्या नोंदी असलेली एच.264 प्रत. दिग्दर्शिकेच्या लॅपटॉपवर परकर आजही विटकरीकडे झुकलेला दिसतो, पण तो तीनही प्रसंगांत सारखाच झुकतो. हाताने जुळवलेल्या दोन शॉटमध्ये ज्योतीच्या गाभ्यातला मऊपणा शेजारच्या शॉटपेक्षा वेगळा राहिला आहे. फिल्मिकने दाबलेला तो पल्ला पीएनजीतून परत काढता येत नाही, आणि उरलेल्या शॉटमधली ज्योत तिच्यासारखी करायची तर त्यांच्या ईएक्सआरवर ज्योतीपुरते वेगळे रूपांतर चढवावे लागेल. ते काम दिग्दर्शिकेने पुढच्या प्रतीसाठी राखून ठेवले आहे.